20 चं नोझल, 5 किलो प्रेशर: पाणी किती लांब जाणार आणि मागं किती ढकलणार

प्रश्न: सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. परवा मॉक ड्रिल घेतलं. पंपाच्या गेजवर 7 किलो दाखवत होतं, 15 मीटरचे दोन होज जोडले, पुढं 20 एमएमचं नोझल. व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या एक पोरगं मागं आडवं झालं, दुसऱ्यानं कसंबसं धरलं. आणि एवढं करून पाणी यार्न गोडाऊनच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचलंच नाही, ती साधारण 25 मीटरवर आहे. धक्का एवढा का बसतो, किती किलोचा असतो, पाणी किती लांब जायला पाहिजे? मालक म्हणतात बारीक नोझल लावा म्हणजे लांब जाईल. खरंय का?

उत्तर:

पहिल्यांदा त्या पोराला कुठं लागलंय का ते नीट बघून घ्या, कारण मागं पडताना मुका मार बहुतेक माकडहाडाला नाहीतर डोक्याच्या मागच्या बाजूला बसतो आणि पोरं लाजून सांगत नाहीत.

आता धक्क्याचं. बऱ्याच जणांना वाटतं की पाणी समोर भिंतीवर आपटतं म्हणून मागं ढकललं जातं. तसं काही नाही, समोर मोकळं मैदान असलं तरी धक्का तेवढाच बसतो, एक किलोही कमी नाही. धक्का तयार होतो तो नोझलच्या तोंडात. तुमच्या 63 च्या होजमधून पाणी येतं साधारण 3 मीटर सेकंदाला, म्हणजे जोरात पळणाऱ्या माणसापेक्षाही हळू, आणि ते 20 च्या तोंडातून बाहेर पडताना 31 मीटर सेकंदाला होतं, म्हणजे ताशी 110 किलोमीटर. ब्रँच म्हणजे होजच्या टोकाची, नोझल बसवलेली हातात धरायची नळी, तिच्या हातभर लांबीत पाण्याचा वेग दहापट होतो. दर सेकंदाला जवळजवळ 10 लिटर म्हणजे 10 किलो पाणी असं पुढं फेकलं जातंय, ते फेकायला जेवढा जोर लागतो तेवढाच जोर उलटा ब्रँचवर येतो आणि ब्रँच ज्याच्या हातात आहे त्याच्यावर.

वेग काढायला आपल्या किलोच्या गेजवर एकदम सोपा हिशेब आहे, आणि धक्क्याचा तर त्याहून सोपा:

```
v = 14 × √P       (v मीटर/सेकंद, P किलो/चौ.सेंमी)
R = 2 × P × A     (R किलो, A तोंडाचं क्षेत्रफळ चौ.सेंमी)
```

यातला P म्हणजे नोझलपाशी, पाणी चालू असतानाचं प्रेशर. पंपावरचं 7 नव्हे. पाणी चालू झालं की गेज खाली येतं, मग पाईपलाईनमध्ये काही जातं, व्हॉल्व्हमध्ये काही जातं, आणि दोन होजमध्ये या पाण्याला साधारण पाव ते अर्धा किलो जातं. तेव्हा नोझलवर 5 धरूया, तुमच्यासारख्या सेटअपला ते बरोबर बसतं. 20 एमएम तोंडाचं क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंमी. म्हणजे वेग 14 गुणिले 2.24 बरोबर 31, आणि धक्का 2 गुणिले 5 गुणिले 3.14 बरोबर 31 किलो. प्रत्यक्षात तोंडाच्या घर्षणात थोडं कमी होतं, 29-30 मिळेल, पण माणसं उभी करताना 31 च धरायचं.

इथं एक शंका नेहमी येते, इंजिनियर झालेली पोरंसुद्धा अडतात, की प्रेशर गुणिले भोकाचं क्षेत्रफळ म्हणजे 15.7 किलो झाले, मग हे 2 कुठून आणलं. बघा, नोझलचं तोंड बूच लावून बंद आहे असं समजा. आत 5 किलो प्रेशर आहे, पण हातात धरणाऱ्याला ढकलणं असं काहीच जाणवत नाही, होज नुसता ताठ होतो. पाणी जेवढं मागं दाबतं तेवढंच पुढंही दाबतंय, आपलं आपण भागतंय. आता बूच काढलं. बुचावर पुढं जाणारा 15.7 किलोचा दाब गेला, हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा असा, की पाणी तोंडाकडे येताना पळायला लागतं आणि पळणाऱ्या पाण्याचं प्रेशर पडतं, त्यामुळं ब्रँचच्या निमुळत्या भिंतीवर आतून पुढं ढकलणारा जो दाब होता तोही कमी होतो आणि तोही बरोबर तेवढ्याच 15.7 नं. दोन्ही मिळून 31. म्हणून नुसतं प्रेशर गुणिले क्षेत्रफळ करून माणसं ठरवली की धक्का निम्माच धरला जातो आणि एकच माणूस पुढं उभा केला जातो.

आता तुमचं पोरगं का पडलं. पोरगं 70 किलोचं धरू, ब्रँच छातीशी धरलेली, म्हणजे जमिनीपासून 1.2 मीटरवर, आणि ड्रिलमध्ये उभे राहतात तसे पाय जवळजवळ. 31 किलो 1.2 मीटर उंचीवर मागं ढकलतायत, ते पेलायला त्याच्या अंगाचं वजन मागच्या पायाच्या अर्धा मीटरपेक्षा जास्त पुढं पाहिजे, 31 गुणिले 1.2 भागिले 70 म्हणजे 53 सेंमी. पाय जोडून उभं राहिल्यावर ते टाचेपासून फार तर 15 सेंमी पुढं असतं. मग तो पडणारच, त्याच्या ताकदीचा संबंधच नाही, पैलवान असता तरी पडला असता. तीच ब्रँच कमरेला आणली, एक पाय चांगला मागं टाकला आणि पुढं झुकला तर 40 सेंमी लागतात, ते जमतं. गुडघा टेकून अर्ध्या मीटरवर धरली तर 22 सेंमी बास होतात.

दुसरी गोष्ट घसरण्याची. तुमच्याकडं शहाबादी फरशी असणार, आपल्याकडं सगळ्या शेडमध्ये तीच आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, वर टॉवेलचा रोवा बसलेला, आणि पाणी सांडलं की तो रोवा साबणासारखा होतो. 70 किलोच्या माणसाचा पाय अशा फरशीवर 20-25 किलोच्या ढकलीलाच सरकतो. म्हणजे नीट झुकून उभा राहिला तरी एकटा माणूस 31 किलो घेऊन तिथं टिकत नाही. जेट 30 अंश वर केला की थोडं सोपं होतं, कारण तेव्हा मागं 27 च किलो येतात आणि 15-16 किलो खाली दाबतात, पाय फरशीला चिकटतात. सरळ समोर मारताना जास्त घसरतो आणि शिडीवरून किंवा गॅलरीतून खाली मारताना तर हा जोर माणसाला वर उचलतो, ते सगळ्यात वाईट.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते परवाचं खरं कारण हेच असणार: व्हॉल्व्ह कसा उघडला. हायड्रंटच्या पेटीतल्या साध्या गनमेटलच्या ब्रँचला चावी नसते. पाणी चालू-बंद होतं ते 30 मीटर मागं, हायड्रंटच्या चाकावर, आणि तिथं बहुतेक वॉचमन नाहीतर हेल्पर असतो ज्याला घाई झालेली असते. तो चाक गरागरा फिरवतो. होज रिकामा असतो, आधी त्यातली हवा नोझलमधून सूंऽऽ करत बाहेर येते, पुढच्या पोराला वाटतं अजून वेळ आहे, तो हात सैल सोडतो किंवा मागं वळून बघतो, आणि तेवढ्यात पाणी येऊन थडकतं. शून्यावरून एकदम पूर्ण धक्का. हवेचा आवाज आला की पाणी होजमध्ये निघालेलं आहे, त्या आवाजालाच पाय मागं गेला पाहिजे, हे पोरांना नीट सांगा. आणि चाकावरच्या माणसानं पहिले दोन आटे हळू द्यायचे, होज भरून गोल झालेला दिसला, पुढच्यानं हात वर केला, मगच बाकीचा उघडायचा. नुसत्या एवढ्या एका गोष्टीनं निम्मी पडापड थांबते.

ब्रँच हातातून सुटली तर काय होतं तेही सांगून ठेवतो, कारण सहज प्रवृत्ती तिला पकडायला धावायची असते. ब्रँच आणि तिच्या मागच्या मीटरभर होजमधलं पाणी मिळून 6-7 किलो वस्तुमान, त्यावर 31 किलोचा जोर, म्हणजे ते गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाचपट प्रवेगानं सुटतं, आणि एका दिशेला नाही, डावी-उजवीकडं फटकारे मारत. गनमेटलचं ते टोक नडगीवर किंवा डोक्यावर बसलं तर हाड मोडतं. तिच्या मागं धावायचं नाही. सगळ्यांनी लांब व्हायचं, ओरडायचं आणि चाकावरच्यानं व्हॉल्व्ह बंद करायचा. म्हणून चाक सोडून तो माणूस गंमत बघायला पुढं आला नाही पाहिजे.

मागच्या माणसाचं काम पण लोकांना नीट माहीत नसतं. तो पुढच्याच्या पाठीला हात लावून उभा राहतो, त्याचा फार उपयोग नाही. त्यानं पुढच्याच्या मागं मीटरभरावर होज धरायचा, दोघं होजच्या एकाच बाजूला, होज त्याच्या कमरेखालून लगेच जमिनीवर टेकलेला आणि त्याच्या मागं निदान तीन-चार मीटर अगदी सरळ. भरलेला 63 चा होज मीटरला साडेतीन किलो भरतो, तो सरळ पडलेला असेल तर जमिनीचं घर्षण धक्क्यातला काही भाग परस्पर खाऊन टाकतं. माणसाच्या मागंच वळसा असेल तर तो जोर जमिनीपर्यंत पोचायच्या आधी वळसा बाजूला सरकतो आणि सगळा भार परत हातावर. तुमच्या शेडमध्ये लूम आणि ट्रॉल्यांच्या मधून होज नेताना नेमकं हेच होतं, कोपऱ्यावर वळला की लगेच नोझल धरून उभे राहतात. कोपरा ओलांडून थोडं पुढं जा, होज सरळ करा, मग पाणी मागा. माणसं कमी असतील आणि जागा बदलायची नसेल तर जुनी युक्ती आहे, होजचाच मोठा गोल वळसा करायचा, ब्रँच होजवरून जिथं ओलांडते तिथं बसायचं, दोन-अडीच फूट ब्रँच पुढं ठेवून. मग एक माणूसही बराच वेळ मारू शकतो, पण दिशा फार बदलता येत नाही.

आता लांबीचं. 31 मीटर वेगानं 45 अंशात फेकलेलं पाणी, हवा नसती तर 100 मीटर गेलं असतं. पुस्तकातलं सूत्र लावून काही जण हाच आकडा सांगतात. प्रत्यक्षात जेट निघाला की हवा त्याचा बाहेरचा थर ओरबाडत राहते, पाणी फुटत जातं, आणि एकदा थेंब झाले की ते लगेच वेग सोडतात. यावर सगळ्यात नीट मोजमाप अमेरिकेत जॉन फ्रीमननं केलेलं आहे, 1889 साली छापलं, आणि त्यानं चांगल्या जेटची व्याख्याच करून ठेवली: ज्या अंतरापर्यंत दहातलं नऊ भाग पाणी 15 इंची वर्तुळात बसतं तिथपर्यंतच तो जेट कामाचा. त्याच्या पुढं पाणी जातं, फरशी ओली होते, पण आगीत शिरत नाही, वरच्या वर वाफ होऊन जातं. फायर सर्व्हिसमध्ये चालणारा अंदाज असा आहे की पाऊण इंची नोझलला फुटातली उपयोगी लांबी म्हणजे पीएसआय प्रेशरचं निम्मं अधिक 26, आणि तोंड दर सूत, म्हणजे पाव इंचाच्या निम्मं, वाढलं की 5 फूट जास्त. कोन 30-32 अंशाचा धरायचा, 45 चा नाही, कारण वर गेलेलं पाणी जास्त वेळ हवेत राहून जास्त फुटतं. तुमचे 5 किलो म्हणजे 71 पीएसआय, निम्मे 35, अधिक 26, झाले 61 फूट. साडेअठरा मीटर. म्हणजे 25 मीटरवरच्या भिंतीपर्यंत तुमचा जेट पोचला नाही यात सिस्टीमचा दोष नाही, तो पोचायचाच नव्हता. आणि गोडाऊनच्या आत तर 32 अंश मिळतच नाही, जेट छताच्या पत्र्याला लागतो, त्यामुळं आतमध्ये आणखी कमी धरा.

मालकांचं म्हणणं. बागेत नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब जातं, तिथून हा समज येतो, आणि तिथं तो बरोबरच आहे कारण घरच्या नळीत प्रेशर सगळं वाटेतच खर्च होत असतं, तोंड दाबलं की पाणी कमी वाहतं, वाटेतला खर्च वाचतो आणि प्रेशर तोंडापर्यंत येतं. तुमच्या 63 च्या होजमध्ये वाटेतला खर्च मुळातच अर्धा किलोच्या आत आहे, मग वाचणार किती. वरच्या सूत्रात बघा, वेगात नोझलचा व्यास कुठंच नाही, प्रेशर तेवढंच तर वेग तेवढाच. उलट बारीक जेटला हवा लवकर फोडते. 16 चं नोझल लावलं तर त्याच 5 किलोला लांबी साधारण मीटर-दीड मीटर कमीच होईल, पाणी मिनिटाला 580 लिटरवरून 370 वर येईल, आणि धक्का 20 किलो. लांबीसाठी हा बदल करू नका. पण धक्क्यासाठी? तिथं मालकांचा मुद्दा वेगळ्या कारणानं बरोबर ठरू शकतो. तुमच्या शिफ्टला दोनच माणसं अशी असतील जी ब्रँच धरतील, आणि फरशी तीच, तर त्यांच्या हातात टिकणारं 16 चं 370 लिटर हे हातातून सुटणाऱ्या 580 पेक्षा जास्त उपयोगाचं. मी स्वतः छोट्या युनिटला पेटीत एक 16 चं ठेवायला सांगतो, 20 चं काढून न टाकता.

आणि दुसरा उपाय जो कुणीतरी सुचवणारच, की पंपाचं प्रेशर वाढवा, तो मात्र ऐकू नका. नोझलवर 5 चे 7 केले तर लांबी साडेअठराची 23 मीटर होते, म्हणजे साडेचार मीटर वाढली, आणि धक्का 31 चा 44 किलो होतो. लांबी हळू वाढते कारण हवा जास्त वेगाच्या पाण्याला जास्त फोडते, पण धक्का प्रेशरच्या सरळ प्रमाणात वाढतो. चार मीटरसाठी तिसरा माणूस लागला. त्यापेक्षा 15 मीटरचा एक होज जास्त जोडा, त्यात पाव किलोच्या आत प्रेशर जातं आणि पोच 15 मीटरनं वाढते. तुमच्या त्या मागच्या भिंतीचं उत्तर हेच आहे, तिसरा होज, किंवा मागच्या दारापाशी आणखी एक हायड्रंट पॉईंट. यार्नच्या बाबतीत तसंही फार लांबून सरळ जेट मारू नये, यार्नच्या कोनांच्या नाहीतर कॉटन वेस्टच्या ढिगावर 31 मीटर वेगाचं पाणी बसलं की जळता रोवा उडून दुसऱ्या थप्पीवर जातो. आधी जरा वर, छताच्या खाली मारून पाणी पावसासारखं पडू द्यायचं, ढीग भिजला की मग जवळ जायचं.

लांबी साडेअठराही मिळत नसेल तर जेटकडं बघा, बाकी काही बघायच्या आधी. नोझलच्या तोंडापासून पहिला हातभर तरी जेट काचेच्या कांडीसारखा नितळ दिसला पाहिजे. तोंडापाशीच पांढरा, पिसासारखा फुटत असेल तर नोझलची कड ठेचलेली असते, ब्रँच फरशीवर टाकून टाकून ती ठेचतेच, कडेवरून बोट फिरवलं की कळतं. कड ठीक असेल तर कपलिंगमधला वॉशर बघा, फुगून आत आलेला असतो आणि पाणी फिरत-फिरत पुढं येतं. हे दोन्ही दुरुस्त केले की तेवढ्याच प्रेशरला दोन-तीन मीटर परत मिळतात.

शेवटी, नोझलवर खरंच 5 किलो येतंय का हे गेज न लावता कसं कळणार. जानेवारी-जुलैत फायर सिस्टीम चालू असल्याचा बी फॉर्म देताना बऱ्याच ठिकाणी बंद पाण्यावरचं प्रेशर बघून सोडून देतात, त्यावरून धक्काही कळत नाही आणि लांबीही नाही. तुमच्या फायर टँकवरून मोजा. टँक समजा 5 बाय 4 मीटरचा आहे, म्हणजे 20 चौरस मीटर. टँकमध्ये येणारं पाणी बंद करा, पट्टी लावा, नोझल पाच मिनिटं पूर्ण चालवा. समजा पातळी 14 सेंमी उतरली. म्हणजे 2800 लिटर गेलं, मिनिटाला 560, सेकंदाला 9.3 लिटर. त्याला 3.14 चौरस सेंमीनं भागलं की वेग 29.7 मीटर. 9.3 गुणिले 29.7 म्हणजे 277 न्यूटन, 9.8 नं भागून 28 किलो धक्का. आणि वेग 14 नं भागून वर्ग केला की प्रेशर साडेचार किलो. तुमच्या टँकचं माप घालून हेच करा. या 20 चौरस मीटरच्या टँकमध्ये पाच मिनिटांत 10 सेंमीही उतरलं नाही तर प्रेशर अडीच किलोच्या खाली आहे, मग सक्शनचा स्ट्रेनर, अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह किंवा पाईपमधला गंज शोधायला लागा. ही टेस्ट घेताना ब्रँच माणसाच्या हातात देऊ नका, अंगणात लोखंडी खांबाला दोन ठिकाणी घट्ट बांधा, मागचा होज सरळ ठेवा, आणि चाक हळू उघडा.